घरच्या माणसांना धंद्यातून पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या ऑफिसात दर मार्चमध्ये तीच माणसं तेच प्रश्न घेऊन येतात. कुणाचं मकरपुरा जीआयडीसीत सीएनसीचं जॉबवर्क असतं, कुणाचं रावपुऱ्यात दुकान. पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेली मराठी घरं आहेत ही. धंदा एकाच्या नावावर असतो आणि राबतं सगळं घर. प्रश्न असा की जो राबतो त्याचा पगार खर्चात धरता येतो का, आणि जो राबत नाही त्याचा धरला तर काय होतं. खालची उत्तरं मुख्यतः एकाच्या मालकीच्या धंद्यासाठी आहेत. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि नव्या करप्रणालीचे आहेत. कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो आणि क्रमांक बदलतात, पण मागच्या वर्षांच्या नोटिसा जुन्याच क्रमांकांनी येत राहतील.

भावाला, मुलाला किंवा आईला पगार देणं कायद्यात बसतं का?

बसतं. नातं आहे म्हणून पगार नाकारा, असं कोणतंही कलम सांगत नाही. कायदा दोन गोष्टी विचारतो. हा खर्च पूर्णपणे धंद्यासाठीच झाला का, हे कलम ३७(१) विचारतं. आणि नातेवाईकाला बाजारभावापेक्षा जास्त दिलं का, हे कलम ४०ए(२) विचारतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर "काम झालंच नाही" असं निघालं तर सगळा पगार खर्चातून बाहेर जातो. दुसऱ्याचं उत्तर "जास्त दिलं" असं निघालं तर फक्त जास्तीचा भाग जातो. हा फरक लक्षात असू द्या, कारण पुढे दंडाचं गणितही त्यावरच फिरतं.

कायद्याच्या दृष्टीने नातेवाईक म्हणजे नक्की कोण?

इथे लोक हमखास चकतात. आपल्याकडे मावसभावाचा मेहुणाही नातेवाईक असतो. आयकर कायद्याच्या कलम २(४१) मध्ये मात्र यादी फार आखूड आहे: नवरा, बायको, भाऊ, बहीण, आणि सरळ रेषेतले वरचे व खालचे, म्हणजे आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं. संपली यादी.

या यादीत सून नाही, जावई नाही, पुतण्या-भाचा नाही, वहिनी नाही, सासू-सासरेही नाहीत. म्हणजे धंदा सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर असेल आणि सून ऑफिस सांभाळत असेल, तर तिच्या पगाराला कलम ४०ए(२) लागत नाही. टॅक्स ऑडिट होत असेल तर फॉर्म ३सीडीच्या क्लॉज २३ मध्ये नातेवाईकांना दिलेल्या रकमा दाखवाव्या लागतात. तिथेही तिचं नाव येत नाही.

पण हेच घर भागीदारी करतं आणि मुलगा भागीदार होतो, तेव्हा चित्र पालटतं. आता सून ही एका भागीदाराची बायको, म्हणजे कायद्यातली नातेवाईक. पगार तोच, काम तेच, खुर्ची तीच. तरी क्लॉज २३ मध्ये नाव. धंदा एचयूएफच्या, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, नावावर असेल तर सून कुटुंबाची सदस्य म्हणून येते. त्यामुळे धंद्याचा ढाचा बदलला की नातेवाईकांची यादी नव्याने काढायची. जुनी यादी कॉपी करणारे अकाउंटंट मी पाहिलेत.

आणि यादीत नाही म्हणजे मोकाट असंही नाही. कलम ३७ सगळ्यांनाच लागतं. काम न करणाऱ्या पुतण्याचा पगार मुलाच्या पगाराइतक्याच सहज उडतो.

बायकोच्या पगाराबद्दल सीए एवढे कुरकुर का करतात?

कारण तिच्यासाठी तिसरं कलम आहे, ६४(१)(२). ज्या धंद्यात नवऱ्याचा भरीव हिस्सा आहे तिथून बायकोला पगार मिळाला, तर तो पगार नवऱ्याच्या उत्पन्नात जोडला जातो. उलटही तसंच: धंदा बायकोचा आणि पगार नवऱ्याला. भरीव हिस्सा म्हणजे नफ्यात किमान २० टक्के, कंपनी असेल तर मतदानाचा हक्क असलेले किमान २० टक्के शेअर. एकट्या मालकाकडे तर शंभर टक्के असतात. भागीदारीत नवऱ्याचा हिस्सा फक्त १० टक्के आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच्या नातेवाईकांचा हिस्साही त्यात मिळवून मोजतात. भावाचे १५ टक्के धरले की झाले २५.

इथे खर्च नाकारला जात नाही. धंद्याला पगाराची वजावट मिळते, पण तीच रक्कम मागच्या दाराने मालकाच्या उत्पन्नात परत येते. पगाराच्या उत्पन्नातून मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट तेवढी पदरात पडते. म्हणजे वहिनींना वर्षाला ४,८०,००० पगार दाखवला, तर ४,०५,००० दादांच्याच विवरणपत्रात येतात. एवढ्या खटाटोपाचं फळ ७५,००० ची वजावट.

यातून सुटायला एकच वाट आहे. बायकोकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता हवी आणि तो पगार पूर्णपणे तिच्या त्या ज्ञानाचा आणि अनुभवाचा मोबदला हवा. दोन्ही अटी एकत्र. डॉक्टर नवऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर बायको असेल तर प्रश्न नाही. फार्मसी झालेली बायको औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून असेल तरी नाही. पण तीच फार्मासिस्ट दिराच्या हार्डवेअरच्या दुकानात, जिथे तिच्या नवऱ्याचाही हिस्सा आहे, गल्ल्यावर बसली तर तिची पदवी तिथे काही उपयोगाची नाही.

पदवीचा कागदच लागतो का, यावर कोर्टात वाद झाले आहेत. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटलं की पात्रता म्हणजे प्रमाणपत्र किंवा पदविकाच असली पाहिजे असं नाही. तरीही निव्वळ "हिला सगळं येतं" यावर भिस्त ठेवू नका. बी.कॉम., टॅलीचा कोर्स, लग्नाआधी कुठे अकाउंट्समध्ये केलेली नोकरी, तिथलं अनुभवाचं पत्र, आणि आज धंद्याची पुस्तकं खरोखर तीच लिहिते याचा माग, एवढं असेल तर बाजू मांडता येते. माझा स्वतःचा रिवाज असा: बाजू भक्कम असेल तरच बायकोचा पगार तिच्या विवरणपत्रात दाखवायचा. अर्धवट असेल तर सरळ नवऱ्याकडे जोडून टाकायचा आणि झोप लागू द्यायची.

किती पगार योग्य, हे कसं ठरवायचं?

एकच प्रश्न स्वतःला विचारा: उद्या हा माणूस गेला, तर त्याच्या जागी बाहेरचा माणूस किती पगारात येईल? ते उत्तर कागदावर आणा. मकरपुऱ्यात फोरमनला काय देतात हे शेजारच्या शेडमध्ये विचारून कळतं, पण शेजाऱ्याचा तोंडी शब्द फाइलला लागत नाही. नोकरीच्या साइटवरच्या त्याच कामाच्या दोन-तीन जाहिरातींचे प्रिंट काढा, तारखेसकट. तुमच्याकडे पूर्वी त्या जागी परका माणूस असेल तर त्याचं जुनं पगारपत्रक हा सगळ्यात चांगला पुरावा.

वाढीचंही तसंच. बाकी कामगारांना ८ टक्के आणि मुलाला एका वर्षात दुप्पट, याला कारण लागतं. नवी मशीन आली, रात्रपाळी त्याच्याकडे दिली, असं काही असेल तर वाढीच्या पत्रातच लिहा.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. पगार जास्त आहे एवढं म्हणून अधिकाऱ्याला भागत नाही. बाजारात किती देतात याच्याशी त्याने तुलना केली पाहिजे. शिवाय प्रत्यक्ष कर मंडळाचं ६ जुलै १९६८ चं परिपत्रक क्रमांक ६-पी आहे. हे कलम प्रामाणिक प्रकरणांत त्रास होईल असं वापरू नका, असं त्यात सांगितलंय. भाऊ स्वतः तुमच्याइतक्याच दराने कर भरत असेल तर हा मुद्दा फार कामाला येतो, कारण मग कर चुकवला कुठे? पण भावाचा कर शून्य असेल तर या मुद्द्यातली हवा निघते. आणि नव्या प्रणालीत पगाराशिवाय दुसरं उत्पन्न नसेल तर १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर शून्यच येतो. सगळ्या घराला पगारावर घेण्याचा मोह आता वाढलाय तो यामुळेच.

कोणते कागद हवेत? मार्चमध्ये एकदम तयार केले तर चालतात का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही चालत. ३१ मार्चला "पगार देणे" अशी बारा महिन्यांची एकच नोंद आणि त्याच पेनाने, त्याच शाईने भरलेलं वर्षभराचं मस्टर. हे पाहिल्यावर कुणालाही काय झालंय ते कळतं. त्यात मस्टरवर संक्रांतीला, म्हणजे उत्तरायणाला, मुलाची हजेरी. त्या दिवशी बडोद्यात कोण कामावर असतं?

वर्षाच्या सुरुवातीला नेमणुकीचं पत्र द्यावं. त्यात हुद्दा, कामाचं वर्णन, वेळ, पगार आणि तो कोणत्या तारखेला मिळणार ते असावं. कामाचं वर्णन ठोस हवं. "धंद्यात मदत करणे" हे वर्णन नव्हे. "कच्च्या मालाची आवक तपासणे, चलनावर सही करणे, जॉबवर्कची पाठवणी व ई-वे बिल काढणे" हे वर्णन. मग दर महिन्याचं हजेरीपत्रक आणि पगारपत्रक. त्यात घरची माणसं बाकी कामगारांच्याच यादीत असावीत, त्यांच्यासाठी वेगळी वही नको. पगार त्याच तारखेला, बँकेतून, त्यांच्या स्वतःच्या खात्यात. गुजरातमध्ये महिना १२,००० च्या वर पगार असेल तर २०० रुपये व्यवसाय कर कापून भरायचा असतो, तो घरच्यांचाही कापा. रक्कम क्षुल्लक आहे. पण दर महिन्याला सरकारी पावतीत हे माणूस कामावर असल्याची नोंद होते, ती क्षुल्लक नाही.

हे सगळे कागद मात्र मालक स्वतःच तयार करतो, आणि अधिकाऱ्यालाही ते ठाऊक असतं. म्हणून मी याहून जास्त वजन देतो ते कामाच्या ओघात आपोआप पडणाऱ्या खुणांना. ई-वे बिल कुणाच्या लॉगिनने निघालं? टॅलीत नोंदी कुणाच्या युजरनावाने झाल्या? माल उतरवून घेतल्याची सही कुणाची? ग्राहकाला कोटेशनचा मेल कुणाच्या पत्त्यावरून गेला? बऱ्याच धंद्यांत सगळं घर एकाच "अॅडमिन" लॉगिनने काम करतं आणि मग कुणी काय केलं हे देवालाही सांगता येत नाही. आजच प्रत्येकाला वेगळं युजरनाव द्या. फुकटातला इतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

पगार खात्यात जमा करतो, मग ते पैसे घरखर्चाला परत घेतो. यात काय गैर?

पगार झाल्यावर त्या पैशांचं काय करायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. भावाने पगारातून घराचं लाइटबिल भरलं, किराणा आणला, कुणी हरकत घेत नाही. पण दर ५ तारखेला ४५,००० जमा आणि ७ तारखेला ४५,००० मालकाच्या खात्यात परत, असं बारा महिने दिसलं तर पगार दिलाच नाही असा अर्थ निघतो. बँकेचं स्टेटमेंट मागवलं की पहिल्या पानावरच ते दिसतं.

भावाला खरोखरच धंद्यात पैसे घालायचे असतील तर ते कर्ज म्हणून, बँकेतून, खात्यात त्याच्या नावाने वेगळं लेजर काढून घ्या. शक्य असेल तर त्यावर व्याजही द्या.

रोख पगाराबद्दल थोडक्यात: एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिलं तर कलम ४०ए(३) प्रमाणे ती सगळी रक्कम खर्चातून जाते, फक्त वरची नव्हे.

घरच्याच माणसाचा टीडीएस कापायचा?

हो. पगाराच्या टीडीएसचं कलम १९२ नातं पाहत नाही आणि धंद्याची उलाढालही पाहत नाही. वर्षाच्या सुरुवातीला अंदाजे वार्षिक पगार काढायचा, त्यावरचा कर काढायचा आणि बारा महिन्यांत वाटून कापायचा. समजा भावाला महिना १,२५,००० देता. वर्षाचे १५,००,०००, त्यातून ७५,००० वजा, राहिले १४,२५,०००. त्यावर कर ९३,७५० आणि ४ टक्के सेस धरून ९७,५००. म्हणजे महिन्याला ८,१२५ कापायचे आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचे. मार्चचे ३० एप्रिलपर्यंत. तिमाहीला फॉर्म २४क्यू, आणि १५ जूनपर्यंत भावाच्या हातात फॉर्म १६.

कापायला विसरलात तर कलम ४०(ए)(आयए) खाली पगाराच्या ३० टक्के रकमेची वजावट अडकते. वरच्या उदाहरणात ती ४,५०,००० होते.

कर शून्य येत असेल तर कापायचं काही नाही. तरी शून्य कसा आला ते गणित एका कागदावर करून सही घेऊन फाइलला लावा. आणि त्या माणसाने स्वतःचं विवरणपत्र भरून हे उत्पन्न पगार या शीर्षाखालीच दाखवावं. मुलाने ते "इतर स्रोत" मध्ये दाखवलं आणि बापाने पगार म्हणून खर्चात टाकलं, असं झालं की दोघांचे कागद एकमेकांना खोटं पाडतात.

एखादं उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

दाखवतो. उदाहरण रचलेलं आहे, पण यातला प्रत्येक तुकडा मी कुठे ना कुठे पाहिलेला आहे.

मकरपुऱ्यात सीएनसी जॉबवर्कचं शेड, एकट्या थोरल्या भावाच्या मालकीचं. घरच्यांचे पगार धरण्याआधीचा नफा ३२,००,०००. धाकटा भाऊ शॉपफ्लोअर सांभाळतो, महिना ४५,०००. बायको बी.ए., ऑफिसात फोन आणि बिलं पाहते, ४०,०००. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, दिवसभर कॉलेजात, त्याचा पगार ५०,०००. आई पंचाहत्तरीची, तिला "देखरेख" म्हणून २०,०००. वर्षाचे एकूण १८,६०,०००. मालकाचं उरलेलं उत्पन्न १३,४०,००० आणि त्यावर सेससह कर ८४,२४०. बाकी चौघांचा कर शून्य. कागदावर फारच देखणं.

आता तपासणी होते. धाकट्या भावाच्या नावाने माल आवकेच्या सह्या आहेत, मशीन बिघाडाचे मेल आहेत, आणि त्याच्या आधीच्या बाहेरच्या फोरमनला ४२,००० होते. त्याचे ५,४०,००० जसेच्या तसे मान्य होतात.

मुलगा काहीच करत नाही असं नाही. संध्याकाळी ड्रॉइंग काढतो, सीएनसीचे प्रोग्राम लिहितो, फाइलींवर तारखा आणि त्याचं युजरनाव आहे. पण तेवढं काम बाहेरचा ड्राफ्ट्समन महिना १५,००० त करून देतो आणि त्याचं कोटेशन फाइलला आहे. म्हणून १,८०,००० मान्य आणि ४,२०,००० जास्तीचे म्हणून बाहेर.

आईच्या कामाचा एकही माग नाही. २,४०,००० पूर्ण बाहेर.

बायकोचं काम खरं आहे, त्यामुळे खर्च मान्य. पण पात्रतेची अट बसत नाही, म्हणून ४,०५,००० मालकाच्या उत्पन्नात जोडले जातात.

मालकाचं उत्पन्न आता १३,४०,००० अधिक ४,२०,००० अधिक २,४०,००० अधिक ४,०५,०००, म्हणजे २४,०५,०००. कर सेससह ३,१३,५६०. फरक २,२९,३२०, आणि त्यावर व्याज वेगळं.

दंड सगळ्यांना सारखा नाही. कमी उत्पन्न दाखवल्याबद्दल कलम २७०ए मध्ये कराच्या ५० टक्के दंड आहे. पण चुकीचं चित्र उभं केलं तर २०० टक्के. पुराव्याशिवाय खर्चाचा दावा आणि पुस्तकांत खोटी नोंद या दोन्ही गोष्टी त्या दुसऱ्या यादीत नावानिशी आहेत. मुलाच्या बाबतीत वाद "किती" एवढाच आहे, तो समजावून सांगता येतो. आईच्या बाबतीत वाद "काम झालं का" याचा आहे. तिच्या २,४०,००० वरचा कर साधारण साडेबासष्ट हजार होतो आणि दंड जाऊ शकतो सव्वा लाखापर्यंत. घरातली सर्वांत लहान रक्कम, आणि सर्वांत महाग पडलेली.

तपासणीत नेमकं काय विचारतात?

आता अधिकारी समोर नसतो. तपासणी फेसलेस झाल्यापासून प्रश्न पोर्टलवर येतात आणि उत्तरंही तिथेच अपलोड करायची असतात. पूर्वी रेसकोर्सच्या आयकर भवनात जाऊन दोन शब्द बोलता यायचे, तो मार्ग संपला. आता तुमच्या वतीने फक्त कागद बोलतो.

पहिल्या प्रश्नावलीत प्रत्येकाचं नाव, नातं, पॅन, शिक्षण, कामाचं स्वरूप, या आणि गेल्या वर्षीचा पगार, विवरणपत्राची प्रत आणि बँक स्टेटमेंट मागतात. उत्तरातून समाधान झालं नाही तर त्या नातेवाईकाचा स्वतःचा जबाब घेता येतो, व्हिडिओ कॉलवरसुद्धा. तिथे कायद्याचे प्रश्न नसतात. तुम्ही कामाला कधी येता, मुख्य तीन ग्राहक कोण, माल कुठून येतो, पगार किती मिळतो. काम करणाऱ्याला ही उत्तरं पाठ करावी लागत नाहीत. पढवून आणलेला माणूस साधारण तिसऱ्या प्रश्नाला बाजूच्याकडे बघतो.

मी ४४एडी खाली ठरावीक टक्क्याने नफा दाखवतो. घरच्यांना पगार दाखवू का?

कर वाचवायला म्हणून तर मुळीच नको. त्या योजनेत उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, एवढा नफा धरतात आणि सगळे खर्च त्यातच मिळाले असं मानतात. पगाराची वेगळी वजावट मिळत नाही. पण घेणाऱ्याच्या हातात तो पगार करपात्र उत्पन्नच राहतो. म्हणजे तुम्हाला फायदा शून्य आणि भावाच्या डोक्यावर विवरणपत्र. खरंच काम करत असेल तर पगार जरूर द्या, तो त्याचा हक्क आहे. फक्त त्यातून कर वाचेल अशी आशा धरू नका.

भागीदारी आणि एचयूएफमध्ये काय वेगळं?

भागीदाराचा पगार हा पगार मानलाच जात नाही. त्याला कलम ४०(बी) ची मर्यादा आहे: पुस्तकी नफ्याच्या पहिल्या ६,००,००० वर ९० टक्के किंवा ३,००,००० यांपैकी जास्त असेल ते, आणि पुढच्या नफ्यावर ६० टक्के. भागीदारी करारात तो लिहिलेला हवा. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० च्या वर गेला तर कलम १९४टी खाली १० टक्के टीडीएसही आहे. भागीदाराचा जो भाऊ किंवा वडील भागीदार नाहीत, त्यांना मात्र वरचंच सगळं लागू.

एचयूएफमध्ये कर्त्यालाही पगार देता येतो. सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच ते मान्य केलंय, पण तसा वैध करार हवा, पगार धंद्याच्या गरजेचा हवा आणि अवाजवी नको. तोंडी ठरलेलं तिथे चालत नाही.

आईला काम नाही, पण तिच्या हातात महिन्याला काही रक्कम असावी असं वाटतं. मग कसं द्यायचं?

भेट म्हणून द्या. कर भरून उरलेल्या तुमच्या पैशांतून, तुमच्या खात्यातून तिच्या खात्यात. धंद्याच्या पुस्तकात ते तुमची उचल म्हणून जाईल, खर्च म्हणून नाही. मुलाने आईला दिलेल्या भेटीवर तिला कर नाही. आणि लोकांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की तिने त्या पैशांची एफडी केली तर व्याज तिच्याच उत्पन्नात धरतात, तुमच्यात जोडत नाहीत. तसं जोडणं बायको, सून आणि अज्ञान मुलांच्या बाबतीत होतं, आईवडिलांच्या नाही. वरच्या उदाहरणातल्या थोरल्या भावाने आईला तेच २०,००० असे दिले असते, तर तिच्या नावाचं मस्टर लिहायची वेळच आली नसती.